फोटोवरून सायकलचे गिअर आणि ब्रेक ओळखून द्याल का? (अपग्रेड करायचंय)

अर्धापेडल
नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात सेकंडहँड हायब्रिड सायकल घेतली. पुढे ३ आणि मागे ७, म्हणजे २१ गिअर, दोन्हीकडे डिस्क ब्रेक. माझ्या दोन तक्रारी आहेत. मोठ्या चढावर सगळ्यात हलका गिअर टाकला तरी उभं राहून पेडल मारावं लागतं, आणि उतारावर ब्रेक दाबून बोटं दुखतात पण सायकल थांबायला वेळ घेते. नेटवर वाचून असं ठरवलंय की पुढे एकच चकती आणि मागे १० गिअर करायचे, आणि ब्रेक हायड्रॉलिक टाकायचे. पण माझ्या सायकलवर आत्ता नक्की काय लावलंय तेच मला कळत नाही, मग काय बसेल ते कसं कळणार. चार फोटो टाकतोय, पूर्ण सायकल, मागचं चाक, मागचा ब्रेक आणि हँडल. ओळखून सांगा प्लीज.

चक्रधर७
मागचा डिरेलर शिमानो टूर्नी आहे, तो आकार लांबूनही ओळखू येतो. आणि ७ गिअर म्हणजे फ्रीव्हील असणार, कॅसेट नाही. त्यामुळे १० गिअर विसरा.

जुनी_साखळी
पहिल्या फोटोत चेन डाव्या बाजूला दिसतेय हो! फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलाय वाटतं, उलटा आलाय. पुन्हा काढा, नाहीतर लोक डावा शिफ्टर उजवा समजून सल्ले देतील.

अर्धापेडल
हो काका, बरोबर. आरशासारखा सेव्ह झालाय. संध्याकाळी परत काढतो.

निशिगंधा
माझ्या सायकलला रबरी पॅडचे ब्रेक आहेत जे रिमला घासतात, मलाही डिस्क हवेत. फोटो टाकला तर सांगाल का कुठले डिस्क बसतील?

मृण्मयी_स
निशिगंधा, फोटोत फक्त दोन जागा बघ. मागच्या चाकाच्या एक्सलजवळ डाव्या बाजूला फ्रेमवर कॅलिपर बसवायला भोकं किंवा आट्यांचे खांब आहेत का, आणि हबच्या डाव्या बाजूला डिस्क लावायची जागा आहे का. दोन्ही नसेल तर डिस्कचा विषय सोड आणि चांगले रबरी पॅड नि नवीन केबल टाक. तुझ्यासाठी वेगळा धागा काढू, इथे गोंधळ होईल.

अर्धापेडल, आता तुझं. चक्रधरचं निम्मं बरोबर आहे. डिरेलर टूर्नीच आहे, आणि फ्रीव्हील असण्याची शक्यताही जास्त आहे, पण ७ म्हणजे फ्रीव्हीलच असं नसतं, ७ ची कॅसेटही येते. आणि तुझ्या बाबतीत हा एकच प्रश्न सगळं ठरवतो, म्हणून तो अंदाजावर सोडू नकोस. फ्रीव्हीलमध्ये चकत्या आणि आतली कटकट करणारी यंत्रणा हा एकच गठ्ठा असतो, तो हबच्या आट्यांवर फिरवून घट्ट बसतो. कॅसेटमध्ये ती यंत्रणा हबवर असते आणि चकत्या तिच्यावर सरकवून वरून एका रिंगने आवळतात. म्हणजे तुझ्याकडे फ्रीव्हील असेल तर १० गिअरची कॅसेट बसवायला मागचं अख्खं चाक किंवा निदान हब बदलावा लागेल.

तू काढलेल्या फोटोत लहान चकतीच्या मधला भाग फ्रेमच्या टोकाने झाकलाय, त्यामुळे मला दिसत नाही. इथे फोटोपेक्षा व्हिडिओ कामाचा. सायकल उलटी ठेव, टॉर्च पकडून लहान चकती आणि फ्रेम यांच्यामधल्या फटीत बघ आणि पेडल उलटं फिरव. चाक जागेवर राहील, चकत्या फिरतील. पाना अडकवायच्या बारीक खाचांची रिंग चकत्यांबरोबर फिरली तर कॅसेट. चकत्या फिरल्या पण खाचा असलेला मधला भाग ढिम्म राहिला तर फ्रीव्हील.

शिवाय लहान चकतीचे दाते मोज. एका दातावर खडूने खूण कर म्हणजे मोजताना चुकणार नाहीस. १४ आले तर बहुतेक फ्रीव्हील, ११ किंवा १२ आले तर बहुतेक कॅसेट. ११ चं फ्रीव्हीलही क्वचित मिळतं, म्हणून दाते हा दुसरा पुरावा समज, पहिला नाही.

उतारावरचा
एवढं कशाला? मी स्वतः पुढे एक चकती केली. पुढचा शिफ्टर गेला, पुढचा डिरेलर गेला, एकदाही चेन पडली नाही. १० चा शिफ्टर घे, डिरेलर आहे तोच ठेव, चालतंय की. डिरेलरला काय माहीत शिफ्टर किती गिअरचा आहे.

मृण्मयी_स
डिरेलरला माहीत नसतं हे खरं, पण केबल किती ओढली जाते ते त्याला भोगावं लागतं. शिमानोच्या माउंटन प्रकारात ७, ८ आणि ९ चे डिरेलर एकाच हिशोबाने हलतात, म्हणून ९ चा शिफ्टर टूर्नीवर चालतो. १० ला त्यांनी तो हिशोब बदलला. १० चा माउंटन शिफ्टर या डिरेलरवर लावलास तर एका टोकाला दोन-तीन गिअर नीट लागतील आणि पुढे डिरेलर चकतीच्या नेमका समोर येणारच नाही. मग माणूस बॅरल फिरवत बसतो, या टोकाला जमवलं की त्या टोकाला बिघडतं. तुझा सेटअप चालतोय म्हणजे तू डिरेलरही बदलला असणार, एकदा बघून सांग.

उतारावरचा
बघितलं. हो, डिरेलरही १० चाच आहे, दुकानातून सगळा सेटच आला होता. तो मुद्दा मागे. पण एक चकती चांगली या मतावर मी ठाम आहे.

अर्धापेडल
सगळं करून बघितलं. नवीन फोटो सरळ काढलेत. पेडल उलटं फिरवल्यावर मधला खाचांचा भाग हलत नाही, व्हिडिओ टाकलाय. लहान चकती १४, मोठी २८. पुढच्या तीन चकत्या ४२, ३४, २४, त्यांच्यावरच कोरलेलं आहे. डिरेलरच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात आरडी-टीवाय३०० लिहिलंय, फ्लॅश मारून फोटो काढला तेव्हा कुठे वाचता आलं.

चक्रधर७
बघा, फ्रीव्हीलच निघालं.

मृण्मयी_स
निघालं, आणि आता ते बघून बोलतोय आपण :)

अर्धापेडल, शाबास. त्या कोडमुळे काम सोपं झालं. टीवाय३०० ला मागची मोठी चकती ३४ दात्यांपर्यंत चालते. आणि तुझ्याच आट्यांवर बसणारं ७ गिअरचं १४-३४ फ्रीव्हील मिळतं. त्यात चकत्या १४, १६, १८, २०, २२, २४ आणि एकदम ३४ अशा असतात.

आता चढाचा हिशोब कर. पुढचे दाते भागिले मागचे दाते, म्हणजे पेडल एकदा फिरलं की चाक किती वेळा फिरतं ते. आत्ता तुझा सगळ्यात हलका गिअर २४ भागिले २८, म्हणजे साधारण ०.८६. १४-३४ टाकलंस की २४ भागिले ३४, म्हणजे ०.७१. एकाच जागी जवळजवळ सहावा हिस्सा हलकं झालं, आणि डिरेलर, शिफ्टर, चाक सगळं तेच.

तुझ्या मनातला एक चकतीचा सेट बघू. पुढे ३२ आणि मागे ११-४२ धरलं तर हलका गिअर ३२ भागिले ४२, म्हणजे ०.७६. म्हणजे चाक, डिरेलर, शिफ्टर, चेन सगळं बदलूनही या स्वस्तातल्या फ्रीव्हीलपेक्षा चढाला जडच. ०.७० च्या आत जायला मागे ४६ ची चकती लागेल. आणि तुझ्या फोटोत पुढच्या चकत्या रिव्हेटने जोडलेल्या दिसतायत, बोल्ट नाहीत, म्हणजे एक चकती करायला क्रँकही बदलावा लागणार.

उतारावरचा
हिशोब मान्य. पण ताई, २४ वरून एकदम ३४ म्हणजे पायऱ्या चढताना अचानक एक पायरी गायब. पाय हवेत फिरल्यासारखे होतात. ११-४२ मध्ये उड्या छोट्या असतात. रोज घाट चढणाऱ्याला मी फ्रीव्हील सुचवणार नाही.

मृण्मयी_स
हा तुझा मुद्दा खरा आहे, त्या उडीची सवय करावी लागते आणि काहींना ती होतच नाही. तो शेवटचा गिअर अडीअडचणीचा आहे, रोज तासभर त्यावर राहायचं असेल तर मी पण वेगळा विचार करीन.

जुनी_साखळी
फ्रीव्हीलची आणखी एक गोष्ट कोणी बोललं नाही. त्यात चकत्यांच्या बाजूचा एक्सलचा बराच भाग आधाराशिवाय बाहेर राहतो, बेअरिंग आत असतं. वजनदार माणूस, लगेज, खड्डे, मग एक्सल वाकतो. माझा दोनदा वाकलाय. अर्धापेडलराव, तुमचं वजन आणि सामान किती?

अर्धापेडल
काका, वजन ७२ आणि पाठीवर छोटी सॅक. कॅरिअर नाही.

जुनी_साखळी
मग चालेल. वर्षातून एकदा चाक काढून क्विक रिलीजची दांडी बाहेर काढायची आणि एक्सल बोटांनी गोल फिरवून बघायचा. टोक डुलत असेल तर वाकलाय. फ्रीव्हीलच्या चकत्या फिरताना थोड्या डुलतात, ते वेगळं, त्याला घाबरू नका.

अर्धापेडल
गिअरचं समजलं, मनापासून आभार. ब्रेकचं काय? तिसऱ्या फोटोत मागचा कॅलिपर आहे. मला दोन प्रकारचे बोल्ट दिसतात, दोन आडवे आणि दोन उभे. कुठले मोजायचे?

चक्रधर७
केबलवाले डिस्क आहेत, हायड्रॉलिकचा एमटी२०० सेट घे, सगळीकडे बसतो.

मृण्मयी_स
सगळीकडे नाही, पण याच्यावर बसेल. कारण तो प्रश्नच छान विचारलाय. आडवे दोन बोल्ट, म्हणजे एक्सलच्या दिशेने जाणारे, ते अ‍ॅडॅप्टर फ्रेमला धरतात. दुसरे दोन कॅलिपरला अ‍ॅडॅप्टरवर धरतात. म्हणजे तुझी फ्रेम आयएस प्रकारची आणि कॅलिपर पोस्ट माउंट. एमटी२०० चा कॅलिपरही पोस्ट माउंटच, तो त्याच अ‍ॅडॅप्टरवर बसेल, डिस्क १६० चीच ठेवणार असशील तर. १८० ची हवी तर अ‍ॅडॅप्टरही बदलायचा. काही केबल कॅलिपर थेट आयएस भोकांवर बसतात, तिथे बोल्टची एकच जोडी दिसते, त्यांना नवीन अ‍ॅडॅप्टर घ्यावा लागतो. समोर फोर्कला तुझा कॅलिपर थेट खांबांवर आहे, तिथे प्रश्नच नाही.

तुझ्या डिस्कवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ असं कोरलेलं दिसतंय. मग धातूमिश्रित पॅड त्यावर लावायचे नाहीत, डिस्क लवकर झिजते. एमटी२०० चे पॅड रेझिनचेच असतात म्हणून अडचण नाही. आणि डिस्क सहा बोल्टची आहे, तीच राहू दे. मात्र जाडी मोज, शिमानोच्या डिस्कवर किमान जाडी १.५ लिहिलेली असते, मिलिमीटरमध्ये. तेवढी किंवा कमी भरली तर बदल.

आता खरी मेख चौथ्या फोटोत आहे. हँडलवर ब्रेकची मूठ आणि गिअरचा शिफ्टर एकाच तुकड्यात आहेत, दोघांना मिळून एकच पट्टा हँडलला आवळलाय. मुठीवर ईएफ५१ लिहिलंय का बघ. हायड्रॉलिकला स्वतःची मूठ येते, म्हणजे जुनी काढली की तिच्याबरोबर शिफ्टरही निघून जाणार.

अर्धापेडल
हो, ईएफ५१-७ असंच लिहिलंय! म्हणजे ब्रेक बदलले की गिअर लावायला काही उरणारच नाही? हे तर मला सुचलंच नसतं, पार्सल उघडल्यावर कळलं असतं.

उतारावरचा
म्हणून तर म्हणतोय, शिफ्टर घ्यायचेच आहेत तर ७ चे कशाला घेतोस. ९ चा घे, ताईंनीच सांगितलं ना टूर्नीवर चालतो.

मृण्मयी_स
शिफ्टर आणि डिरेलर जमतात, पण ९ चकत्या कुठून आणणार? चाक तेच, हब आट्यांचा. ९ चं फ्रीव्हील मिळतं, पण त्यात ती काकांनी सांगितलेली एक्सलची अडचण वाढते, कारण गठ्ठा आणखी रुंद होतो. म्हणून मी दोन वाटा सांगते. एक, ७ चेच सुटे शिफ्टर, अल्टस एम३१५ मध्ये डावा ३ चा आणि उजवा ७ चा मिळतो, आणि १४-३४ फ्रीव्हील. दोन, आधी कॅसेट हबचं मागचं चाक घे, डिस्कची जागा असलेलं, आणि मग ९ चा शिफ्टर आणि कॅसेट. फ्रेमच्या दोन टोकांमधलं आतलं अंतर मोजून १३५ मिलिमीटर आलं तर तसं चाक सहज मिळेल. दुसऱ्या वाटेत ९ साठी डिरेलर टूर्नीचा चालेल, पण जास्त दात्यांची कॅसेट हवी झाली की तोही बदलावा लागेल. मधलाच मार्ग, म्हणजे शिफ्टर ९ चे आणि चकत्या ७, तेवढा घेऊ नकोस, क्लिक जुळणार नाहीत.

जुनी_साखळी
मृण्मयीताई, मला एक बोलू द्या. हायड्रॉलिक कशाला हवंय? याचे केबल डिस्क नीट लावलेले नसणार. या प्रकारात बऱ्याचदा एकच पॅड हलतो, दुसरा जागेवर असतो. तो जागेवरचा पॅड डिस्कपासून लांब राहिला की मूठ दाबली की हलणारा पॅड डिस्कला वाकवून त्याच्याकडे ढकलतो, सगळी ताकद त्यात जाते. व्हिजिटिंग कार्ड डिस्क आणि जागेवरच्या पॅडमध्ये जेमतेम जाईल इतकं अंतर ठेवा, आतल्या बाजूला अ‍ॅलन कीचा स्क्रू असतो. केबल नवीन, आउटर नवीन. मी पंधरा वर्षं असेच ब्रेक वापरतोय, बोटं दुखत नाहीत.

अर्धापेडल
काका, लगेच करून बघितलं. कार्डाच्या चार घड्या जातील एवढं अंतर होतं! जवळ आणल्यावर मागचा ब्रेक बराच सुधारला. पुढचाही केला, पण तो घासतोय थोडा.

जुनी_साखळी
घासतोय म्हणजे डिस्क वाकडी असेल किंवा कॅलिपर तिरका. कॅलिपरचे दोन बोल्ट थोडे ढिले करा, मूठ घट्ट दाबून धरा आणि तसंच धरून बोल्ट परत आवळा. तरीही ठराविक जागी घासला तर डिस्क वाकडी, ती हळूहळू सरळ करता येते.

मृण्मयी_स
काकांचा उपाय आधी करायचा, हे मी आधी सांगायला हवं होतं. हायड्रॉलिकला तरीही एक गोष्ट तुझ्या पहिल्या फोटोत लपलीये. मागच्या ब्रेकची केबल वरच्या पाइपखालून उघडी जाते, फ्रेमवरच्या दोन थांब्यांमध्ये नुसती तार दिसते. हायड्रॉलिकची नळी सलग असते, आणि त्या थांब्याच्या टोकाला फक्त तार जाण्याएवढंच भोक असतं. नळी त्यात बसणार नाही, क्लिप किंवा झिपटायने पाइपला बांधावी लागेल. चालतं, दिसायला तेवढं नीट नाही. थांबा कापू वगैरे नकोस.

चक्रधर७
हे मला माहीत नव्हतं. माझीही केबल उघडीच आहे.

निशिगंधा
मी बघितलं, माझ्या फ्रेमवर खांब नाहीत आणि हबवरही जागा नाही. पॅड आणि केबल घेतेय. वेगळा धागा नको.

अर्धापेडल
दोन आठवड्यांनी आलोय. ब्रेक सध्या तेच ठेवले, पुढचाही काकांच्या पद्धतीने सरळ झाला. फक्त १४-३४ फ्रीव्हील घेतलं. जुनं काढताना लांब पाइप लावून दोघांनी जोर दिला तेव्हा सुटलं, कित्येक वर्षं पेडल मारून घट्ट झालेलं. पण बसवल्यावर पुढे ४२ आणि मागे ३४ टाकलं तर चेन इतकी ताणली की डिरेलर जवळजवळ आडवा झाला, पेडल पुढे जाईना. लगेच थांबवलं. काही मोडलेलं दिसत नाही.

मृण्मयी_स
बरं झालं थांबलास, जोर दिला असता तर डिरेलर किंवा त्याचा हँगर गेला असता. चेन लहान पडतेय. मागे ६ दाते वाढले की चेनचा विळखा त्याच्या निम्म्या दात्यांनी वाढतो, म्हणजे ३ कड्या. चेनमध्ये आतली आणि बाहेरची अशी जोडी असते त्यामुळे ४ कड्या वाढव. किंवा नवीन चेन घे, डिरेलरमधून न घालता मोठ्या दोन चकत्यांवरून गुंडाळ आणि जिथे भेटेल त्याच्यापुढे २ कड्या ठेवून तोड. मग डिरेलरचा तो फ्रेमजवळचा स्क्रू, बी स्क्रू, थोडा आत कर. नाहीतर वरचं छोटं चाक ३४ ला टेकून घरघर करेल.

अर्धापेडल
चेन नवीन घेतो, जुनी ताणलीये का तेही बघितलं नव्हतं. अजून एक. जुनं फ्रीव्हील निघाल्यावर दांडी काढून एक्सल बोटांनी फिरवला, उजवं टोक जरा डुलतंय असं वाटतं. व्हिडिओ टाकतोय, काका बघाल का?

जुनी_साखळी
बघितला. फोन हातात हललाय, नीट कळत नाही. फोन कशाला तरी टेकवून ठेवा, टोकाशेजारी पेन्सिल धरा आणि परत फिरवा, म्हणजे अंतर कमी-जास्त होतंय का ते दिसेल.